ओळखीच्या गिऱ्हाइकाची जाहिरात वेगळी

फेसबुक, इन्स्टाग्राम किंवा गूगलवर विक्री वाढवण्याचे उद्दिष्ट निवडून जाहिरात लावली, की त्या यंत्रणेला एकच काम सांगितलेले असते : दिलेल्या पैशांत जास्तीत जास्त खरेद्या मिळवायच्या. खरेदी करणारा माणूस दुकानाला नवा आहे की दोन वर्षे नेमाने माल नेणारा, याचा त्या सांगण्यात उल्लेख नसतो. मग यंत्रणा सोपा रस्ता धरते. ज्यांनी दुकानाचे संकेतस्थळ वारंवार उघडले आहे, पूर्वी माल घेतला आहे, जाहिरातीवर थांबण्याची ज्यांना सवय आहे, अशांच्या पडद्यावर ती जाहिरात आधी आणि पुन्हा पुन्हा येते. ते विकत घेतात, आणि अहवालात यश दिसते. पण जी रक्कम अनोळखी माणसाला दारात आणण्यासाठी बाजूला काढली होती, तिचा मोठा हिस्सा आधीच घरात असलेल्या माणसाला बोलावण्यात गेलेला असतो.

यात हिशेबाच्या पद्धतीचीही भर पडते. मेटाच्या जाहिरातींत साधारणपणे वापरली जाणारी मोजणी अशी आहे : जाहिरातीवर क्लिक केल्यापासून सात दिवसांत, किंवा जाहिरात नुसती डोळ्यांखालून गेल्यापासून एका दिवसात खरेदी झाली, तर ती त्या जाहिरातीच्या खात्यावर जमा होते. दर महिन्याला तेल मागवणाऱ्या गिऱ्हाइकाने सकाळी इन्स्टाग्राम चाळताना जाहिरात ओझरती पाहिली आणि संध्याकाळी, डबा संपला म्हणून, नेहमीप्रमाणे संकेतस्थळावर जाऊन ऑर्डर दिली, तर श्रेय जाहिरातीला मिळते. ती दिसली नसती तरी डबा संपायचा तो संपलाच असता. खोटे कोणीच बोललेले नसते. मोजणीचा नियमच तसा आहे.

असा खर्च किती वाया जातो, याची मोठी तपासणी ईबे या कंपनीत झाली. थॉमस ब्लेक, ख्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस या अर्थतज्ज्ञांनी २०१२ मध्ये तिथे शोध-जाहिरातींवर प्रयोग केले, आणि त्यांचा शोधनिबंध ‘इकोनोमेट्रिका’ या नियतकालिकात २०१५ साली प्रसिद्ध झाला. आधी त्यांनी कंपनीच्या स्वतःच्या नावावर लावलेल्या जाहिराती काही शोध-संकेतस्थळांवरून काढून टाकल्या. जाहिरात गेली तरी त्या क्लिकपैकी जवळजवळ सगळ्या, म्हणजे ९९.५ टक्के, खालच्या फुकटच्या दुव्यावरून कंपनीकडेच आल्या. मग इतर शब्दांवरच्या जाहिराती अमेरिकेच्या काही भागांत बंद आणि काही भागांत चालू ठेवून तुलना केली. नव्या आणि क्वचित येणाऱ्या ग्राहकांवर जाहिरातीचा परिणाम होत होता. नेहमी येणाऱ्यांवर तो जवळपास नव्हता. अडचण अशी, की खर्चातला बहुतेक वाटा या नेहमीच्यांवरच होत होता, म्हणून सरासरी काढल्यावर सगळी मोहीम तोट्यात दिसत होती.

यावरचा उपाय दोन भागांचा आहे. नवे ग्राहक मिळवण्याच्या मोहिमेतून जुन्या ग्राहकांना नावानिशी वगळायचे. आणि त्यांच्यासाठी निराळी, लहान मोहीम चालवायची, जिचे काम त्यांना अधिक मोठी, अधिक चांगली किंवा जोडीची वस्तू सुचवणे एवढेच असेल. जाहिरातक्षेत्रात यातल्या मोठ्या-महाग वस्तूकडे नेण्याला अपसेल आणि जोडीच्या वस्तूला क्रॉस-सेल म्हणतात. रोजच्या बोलण्यात दोन्हींना अपसेलच म्हटले जाते, आणि इथेही तसेच म्हटले आहे.

हे प्रत्यक्षात कसे उतरते ते समजण्यासाठी एक कल्पित पण नेहमी दिसणाऱ्या घडणीचा व्यवसाय घेऊ. लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल पुण्याहून कुरिअरने पाठवणारा एक उद्योग आहे. दोन वर्षांत त्याच्याकडे चार हजार ग्राहक जमले आहेत. पहिली ऑर्डर बहुधा एक-एक लिटरच्या दोन बाटल्यांची, सातशे रुपयांची असते, आणि माल, बाटली, पेटी, कुरिअर वजा जाता तीत १८० रुपये उरतात. जाहिरातीवर महिन्याला एक लाख रुपये खर्च होतात. महिनाअखेर अहवाल सांगतो : २५० खरेद्या, दर खरेदीमागे ४०० रुपये.

मालकाने या २५० ऑर्डरी स्वतःच्या ऑर्डर-वहीशी ताडून पाहिल्या, तेव्हा ११० मोबाईल नंबर वहीत आधीच होते. म्हणजे नवे ग्राहक फक्त १४०. जुन्यांवर खर्च झालेली रक्कम वेगळी काढली, तर ती साधारण तीस हजार निघाली. मेटाच्या जाहिरात-व्यवस्थापकात जुन्या ग्राहकांची यादी आधी नोंदवून ठेवली असेल, तर नवे, ओळखीचे आणि जुने अशी फोड करून हा आकडा पाहता येतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की तीस टक्के पैशांत ४४ टक्के खरेद्या दिसत होत्या. यंत्रणा जुन्यांकडे का धावते याचे कारण इथेच आहे. तिच्या दृष्टीने ते स्वस्त गिऱ्हाईक होते.

पुढच्या महिन्यात चारही हजार ग्राहक वगळले गेले. लाख रुपये सगळे अनोळखी लोकांवर खर्च झाले. आधीच्या सत्तर हजारांत १४० नवे ग्राहक आले होते. उरलेले तीस हजार तितक्याच सहजतेने पचत नाहीत, कारण लवकर पटणारे लोक आधीच संपलेले असतात. त्यातून आणखी ५० आले. एकूण १९० नवे ग्राहक, प्रत्येकामागे ५२६ रुपये.

बहुतेक ठिकाणी प्रयोग फसतो तो याच टप्प्यावर. अहवालात खरेद्या २५० वरून १९० वर घसरलेल्या दिसतात आणि दर खरेदीचा खर्च ४०० वरून ५२६ वर चढलेला दिसतो. जाहिरात सांभाळणारी एजन्सी घाबरते, कारण तिचे मोजमाप त्याच आकड्यावर होते, मालक घाबरतो, आठवड्याभरात वगळणी काढून टाकली जाते. वास्तविक धंद्याला मिळालेले नवे ग्राहक १४० वरून १९० झाले आहेत. राहिला प्रश्न जुन्यांच्या त्या ११० ऑर्डरींचा. त्या बुडाल्या का, हे जाहिरातीचा अहवाल कधीच सांगणार नाही. ते वहीतच पाहावे लागते. आधीच्या महिन्यात जुन्या ग्राहकांच्या सर्व मार्गांनी मिळून, म्हणजे संकेतस्थळ, व्हॉट्सअॅप आणि फोन धरून, ५१० ऑर्डरी होत्या. वगळल्यानंतरच्या महिन्यात त्या ४८० झाल्या. जाहिरात ११० ऑर्डरींवर हक्क सांगत होती. ती थांबल्यावर प्रत्यक्षात कमी झाल्या ३०. बाकीचे ऐंशी जण जाहिरातीविनाही आले. म्हणून हे पाऊल टाकण्याआधीच ठरवून ठेवावे, की महिनाभर पडद्यावरचा ‘दर खरेदीचा खर्च’ पाहायचा नाही, ‘दर नव्या ग्राहकाचा खर्च’ वहीवरून काढायचा.

आता यादीकडे. ग्राहक म्हणजे कोण, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. ऑनलाइन दुकानाच्या नोंदींत ज्याने ऑर्डर दिली तो ग्राहक असतो, पण भारतात रोखीने, माल हातात आल्यावर पैसे देण्याचा मार्ग मोठा आहे आणि त्यातली बरीच पार्सले दारातून परत येतात. ज्याने पार्सल नाकारले त्याला जुना ग्राहक म्हणून अपसेलची जाहिरात दाखवणे व्यर्थ, आणि नवा म्हणून पुन्हा गाठणे म्हणजे दोन्हीकडचे कुरिअर भाडे अंगावर घेणे. अशा नंबरांची तिसरी यादी करून ती दोन्ही मोहिमांतून वगळलेली बरी. उलट, संकेतस्थळ पाहून गेलेले, टोपलीत वस्तू टाकून निघून गेलेले लोक ग्राहक नव्हेत. त्यांना घाईने वगळले, तर नवे होऊ घातलेले सगळ्यांत जवळचे गिऱ्हाईकच बाहेर राहते. ही चूक बरीच आढळते, कारण तयार याद्यांमध्ये ‘गेल्या काही दिवसांत संकेतस्थळावर आलेले सर्व’ ही यादी हाताशी असते आणि तीच टाकली जाते.

यादी चढवण्याची रीत अशी. मेटावर ‘कस्टम ऑडियन्स’ नावाच्या सोयीत आणि गूगलवर ‘कस्टमर मॅच’ या सोयीत ग्राहकांचे मोबाईल नंबर, ईमेल, नाव, गाव, पिनकोड असलेली तक्त्याची फाइल द्यायची. पाठवताना या माहितीचे एसएचए-२५६ नावाच्या गणिती पद्धतीने एका लांबलचक सांकेतिक अक्षरमाळेत रूपांतर होते. पलीकडे कंपनीने आपल्या वापरकर्त्यांच्या माहितीचीही तशीच अक्षरमाळ केलेली असते. दोन्ही जुळल्या, की तो माणूस सापडला. अक्षरमाळेवरून मूळ नंबर वाचता येत नाही, पण या पद्धतीत एक अक्षर जरी इकडेतिकडे झाले तरी सगळी माळ बदलते. म्हणून नंबर कसा लिहिला आहे याला फार महत्त्व येते. कोणी आधी शून्य लावलेले असते, कोणी मध्ये रेघ दिलेली असते, कोणी देशाचा ९१ हा आकडा सोडलेला असतो. एक्सेलमध्ये तर दहा-बारा आकड्यांचे नंबर आपोआप गणिती रूपात बदलून अर्धेमुर्धे जतन होतात. ९१ आणि पुढे दहा आकडे, मध्ये काही नाही, एवढी एकसारखी मांडणी केली तरी जुळणी लक्षणीय वाढते. ईमेल लहान लिपीत आणि मागेपुढे मोकळी जागा न ठेवता लिहावा लागतो.

एवढे करूनही चार हजारांपैकी सगळे सापडत नाहीत. आपल्याकडे ऑर्डर एका नंबरावरून आणि फेसबुकचे खाते दुसऱ्या, जुन्या नंबरावर असते. दोन सिमांचा फोन घरोघरी आहे. संकेतस्थळ ईमेल मागते म्हणून काहीतरी लिहून दिलेले असते. या उदाहरणात ६५ टक्के, म्हणजे २,६०० जण सापडले असे धरू. उरलेल्या १,४०० ग्राहकांना नव्यांची जाहिरात दिसतच राहील. म्हणून यादीच्या जोडीला दुसरे जाळे लावतात : संकेतस्थळावर बसवलेल्या पिक्सेल नावाच्या छोट्या कोडने ज्यांची खरेदी नोंदवली, त्यांचा समूह. मेटावर हा समूह जास्तीत जास्त मागच्या १८० दिवसांचा ठेवता येतो. यादीत न सापडलेले काही इथे सापडतात. मात्र अॅपलने एप्रिल २०२१ मध्ये आयफोनवर अॅपना माग काढण्यासाठी परवानगी मागायला लावल्यापासून हे जाळेही विरळ झाले आहे. दोन्ही मिळून गळती कमी होते, थांबत नाही. आणि एक गळती कुठल्याच यादीने थांबत नाही. ऑर्डर नवऱ्याच्या नंबरावर, तेलाचा निर्णय बायकोचा, आणि जाहिरात दिसते ती बायकोला. यंत्रणा माणूस ओळखते, घर नव्हे.

यादी शिळी होणे हा त्याहून घातक दोष आहे, कारण तो दिसत नाही. दिवाळीपूर्वी एकदा फाइल चढवली आणि विसरून गेले, तर दिवाळीत आलेले सगळे ग्राहक यंत्रणेच्या लेखी नवेच राहतात, आणि नेमके तेच सर्वांत ताजे, सर्वांत लवकर पुन्हा घेणारे असतात. दुकानाचे सॉफ्टवेअर थेट जोडता येत असेल तर यादी आपोआप भरत राहते. नसेल तर आठवड्याचा एक वार ठरवून नवी नावे चढवावी लागतात. गूगलने २०२५ पासून यादीतल्या नावांना ५४० दिवसांची मुदत घातली आहे, तेव्हा तिथे जुनी नावे न नूतनीकरण केल्यास गळून पडतात. शिळी यादी ओळखण्याची खूण साधी आहे : नव्यांच्या मोहिमेतून आलेल्या मागच्या आठवड्याच्या ऑर्डरींपैकी किती नंबर वहीत आधी होते ते मोजावे. पूर्ण शून्य कधीच येणार नाही. पण तो वाटा आठवड्यागणिक चढत असेल तर यादी मागे पडली आहे, किंवा कोणीतरी नवी जाहिरात लावताना वगळणी घालायला विसरले आहे. मेटावर ही वगळणी जाहिरात-संच या पातळीवर लागते, प्रत्येक संचाला स्वतंत्र, त्यामुळे विसरण्याला भरपूर वाव असतो.

गूगलवर काम थोडे निराळे चालते. तिथे मोहिमेलाच ‘नवे ग्राहक मिळवणे’ हे उद्दिष्ट देता येते, आणि त्याचे दोन प्रकार आहेत. एकात फक्त नव्यांसाठीच बोली लावली जाते. दुसऱ्यात जुन्यांनाही जाहिरात दिसते, पण नव्या ग्राहकाच्या खरेदीला अधिक किंमत लावली जाते, म्हणजे त्याच्यासाठी यंत्रणा जास्त बोली द्यायला तयार होते. ज्याची यादी अपुरी आहे त्याला दुसरा प्रकार सोयीचा. पहिला प्रकार कडक आहे आणि यादीतल्या चुका त्यात थेट भोवतात.

इथवर अर्धे काम झाले. वगळलेले चार हजार लोक आता कोणत्याच जाहिरातीत नाहीत, आणि बरेच दुकानदार इथेच थांबतात. पण वरच्या हिशेबात नव्या ग्राहकामागे ५२६ रुपये गेले आणि पहिल्या ऑर्डरीत उरले १८०. तीच छोटी ऑर्डर तीनदा आली, तर ५४० रुपये होऊन खर्च निघतो. दुसऱ्याच वेळी त्याने पाच लिटरचा डबा घेतला, ज्यात पेटी, कुरिअर आणि रोख वसुलीचे शुल्क एकदाच लागत असल्याने ४०० रुपये उरतात, तर दोन ऑर्डरींतच खर्च वसूल होऊन वर ५४ रुपये राहतात. अपसेलची गरज या फरकातून येते.

ही जाहिरात करताना पहिला प्रश्न ‘काय विकायचे’ हा नसून ‘केव्हा’ हा असतो. चौघांच्या घरात दोन लिटर तेल साधारण तीन-साडेतीन आठवडे पुरते. पार्सल पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी पाच लिटरच्या डब्याची जाहिरात दिसली, तर ती निव्वळ कटकट वाटते. शिवाय ज्याने अजून बाटली उघडलेली नाही त्याला ते तेल आवडले की नाही हेच ठाऊक नसते. म्हणून पहिले पंधरा-सोळा दिवस नव्या ग्राहकाला काहीच दाखवत नाहीत. सतराव्या दिवसापासून पस्तिसाव्या दिवसापर्यंत डब्याची जाहिरात. ज्यांनी तीन वेळा तेच तेल नेले आहे, त्यांच्यापुढे करडई, तीळ, खोबरेल. अशा तुकड्या पाडताना मोह आवरावा लागतो. चार हजार ग्राहकांच्या बारा तुकड्या केल्या, तर प्रत्येकीत शेकड्यांनीच माणसे उरतात, त्यातली सापडतात आणखी कमी, आणि शंभराच्या खाली गेलेल्या यादीवर मेटाची जाहिरात चालतच नाही. या आकाराच्या धंद्याला दोन किंवा तीन तुकड्या पुरतात.

मजकूरही बदलावा लागतो, आणि हे काम आळसाने टाळले जाते. नव्यासाठीच्या जाहिरातीत लाकडी घाणा म्हणजे काय, तेल थंड का राहते, आधीच्या लोकांचे अभिप्राय, पहिल्या ऑर्डरीवरची सूट, हे सगळे असते. जुन्या ग्राहकाला यातले काही नको असते. त्याला घाण्याचे चित्रीकरण दाखवणे म्हणजे रोजच्या गिऱ्हाइकाला दुकानाचा पत्ता सांगणे. त्याला कामाची माहिती हवी : डब्यात लिटरमागे किती वाचतात, डब्याला तोटी आहे का, पाच लिटर तेल उघडल्यावर किती दिवस चांगले राहते. शेवटचा प्रश्न लाकडी घाण्याच्या ग्राहकाच्या मनात असतोच, आणि त्याचे उत्तर न देणारी डब्याची जाहिरात निम्मे काम करते.

खर्च ठरवण्याची दिशा इथे उलटी आहे. नव्यांच्या मोहिमेत आधी रक्कम ठरते आणि ती जितक्यांपर्यंत पोचेल तितक्यांपर्यंत पोचते. जुन्यांची यादी मोजकी, म्हणून माणसांवरून रकमेकडे यावे लागते. समजा जाहिरातीसाठी ३,२०० ग्राहकांची यादी दिली आणि २,०८० सापडले. प्रत्येकाला महिन्यात आठ वेळा दिसणे पुरे, असे ठरवले. मग दर्शने झाली १६,६४०. हजार दर्शनांचा भाव २०० रुपये धरला, तर महिन्याचा खर्च ३,३०० रुपयांच्या आसपास. लाखाच्या मोहिमेशेजारी ही रक्कम इतकी किरकोळ दिसते, की ‘जुन्यांसाठी निदान दहा-पंधरा हजार तरी ठेवू’ असे कोणालाही वाटेल. पंधरा हजार ठेवले तर तीच माणसे, तीच जाहिरात, पण प्रत्येकाला महिन्यात छत्तीस वेळा. जाहिरात लपवणारे आणि व्हॉट्सअॅपवर ‘हे थांबवा’ म्हणणारे मग वाढू लागतात. अहवालातला ‘फ्रीक्वेन्सी’ हा आकडा, म्हणजे दर माणशी सरासरी दर्शने, या मोहिमेत रोज पाहावा.

उरतो सर्वांत अवघड प्रश्न : ही छोटी मोहीम तरी काही मिळवून देते का? मघाचा दोष, आपोआप येणाऱ्या ऑर्डरींचे श्रेय घेण्याचा, इथे आणखी तीव्र होतो, कारण सगळेच जुने ग्राहक आहेत. म्हणून वर ३,२०० चीच यादी दिली होती. चार हजारांपैकी एक पंचमांश लोक मुद्दाम बाजूला ठेवले जातात आणि त्यांना कोणतीच जाहिरात दाखवली जात नाही. निवड मर्जीने करायची नाही. मोबाईल नंबरचा शेवटचा आकडा ज्यांचा शून्य किंवा एक आहे ते बाजूला, हा नियम पुरतो. महिन्यानंतर वहीत पाहिले. बाजूला ठेवलेल्या ८०० जणांत ९६ ऑर्डरी आल्या, म्हणजे १२ टक्के. जाहिरातीच्या ३,२०० जणांत ४४८ आल्या, म्हणजे १४ टक्के. फरक दोन टक्क्यांचा, म्हणजे ३,२०० लोकांत ६४ जादा ऑर्डरी. दर जादा ऑर्डरीमागे साधारण ५२ रुपये. मेटाचा अहवाल मात्र त्याच महिन्यात याच मोहिमेच्या खात्यावर ३०० ऑर्डरी दाखवू शकतो, दर ऑर्डरीमागे ११ रुपयांनी. अकरा आणि बावन्न दोन्ही आकडे परवडणारे आहेत, पण अकरावर विसंबून खर्च पाचपट केला तर हिशेब कोलमडतो.

या तुलनेत दोन पथ्ये पाळावी लागतात. ३,२०० पैकी फक्त २,०८० जणांना जाहिरात दिसू शकत होती, तरी टक्केवारी पूर्ण ३,२०० वर काढायची. फक्त सापडलेल्यांची तुलना बाजूच्या ८०० शी केली, तर सोशल मीडिया वापरणारे आणि न वापरणारे असा निराळाच फरक त्यात मिसळतो. दुसरे असे, की ८०० जणांतल्या ९६ ऑर्डरी निव्वळ योगायोगाने ८० किंवा ११० असू शकल्या असत्या. एका महिन्यातला दोन टक्क्यांचा फरक म्हणून पक्का धरता येत नाही. तोच नियम, तीच माणसे ठेवून तीन महिने पाहावे. तोवर बाजूच्या ८०० जणांना नव्यांच्या मोहिमेतूनही वगळलेले असले पाहिजे, नाहीतर ते मागच्या दाराने जाहिरातीत शिरतात.

जाहिराती वेगळ्या करताना सवलतीही वेगळ्या होतात, आणि तिथे एक नाजूक बाब आहे. ‘पहिल्या ऑर्डरीवर २० टक्के सूट’ ही नव्यांची जाहिरात गळतीमुळे काही जुन्यांना दिसणारच. मग कोणी घरातल्या दुसऱ्या नंबरावरून ‘पहिली’ ऑर्डर देतो, आणि जो देत नाही तो विचारतो, की दोन वर्षे माल नेतो त्याला काय? ब्रिटनमध्ये घर आणि वाहन विम्याच्या बाबतीत ही तक्रार इतकी वाढली, की तिथल्या वित्तीय नियामकाने १ जानेवारी २०२२ पासून नूतनीकरण करणाऱ्या जुन्या ग्राहकाला नव्यापेक्षा जास्त भाव लावण्यास बंदी केली. तेलाच्या दुकानाला असा नियम नाही. तरी डब्यावरचा लिटरमागचा भाव नव्यांच्या सूट दिलेल्या भावाच्या वर जाऊ नये, एवढे मालकाने गणित करून पाहिलेले बरे. कुरिअरमध्ये वाचणारे पैसे त्याला पुरतात.

नंबरांच्या वापरालाही मर्यादा आहे. ग्राहकाने तो पार्सल पोचवण्यासाठी दिलेला असतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये माहिती कोणत्या कामासाठी घेतली हे सांगणे आणि त्या कामापुरतीच ती वापरणे, ही कल्पना मध्यवर्ती आहे. त्याचे नियम २०२५ मध्ये आले आणि बंधने टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. ऑर्डरीच्या पानावर जाहिरातीसाठीच्या वापराचा स्पष्ट उल्लेख, वेगळी संमती, आणि नको म्हणणाऱ्याचे नाव अपसेलच्या यादीतून काढण्याची सोय ठेवावी लागते. इथे एक गुंता होतो. नको म्हणणाऱ्याचा नंबर यादीतूनच काढला, तर वगळणीही निघते आणि त्याला नव्यांची जाहिरात दिसू लागते. पण वगळण्यासाठी का होईना, त्याचा नंबर मेटाला देणे हाही वापरच आहे. त्याची हरकत कशाला आहे हे विचारून मगच दोहोंपैकी एक करावे.

शेवटी, वगळलेला ग्राहक कायमचा वगळलेला नसतो. चार हजारांतले कितीतरी जण दीड वर्षात एकदाही फिरकलेले नाहीत. काहींनी गाव सोडले, काहींना तेल आवडले नाही, काही दुसऱ्या दुकानाकडे गेले. महिन्याला १२ टक्के ऑर्डरी येतात त्या मुख्यतः उरलेल्यांकडून. दोन लिटर महिन्याभरात संपणाऱ्या वस्तूत एक वर्ष ऑर्डर नसेल, तर त्या माणसाला जुना ग्राहक म्हणण्यात फारसा अर्थ उरत नाही. त्याला डब्याची जाहिरात दाखवून उपयोग नाही, आणि नव्यांच्या मोहिमेतून बाहेर ठेवण्याचेही कारण नाही. अशा नावांना बारा महिन्यांनी वगळणीच्या यादीतून मोकळे केले जाते. फ्रीज, सायकल किंवा पैठणी विकणाऱ्याला हीच मुदत कित्येक वर्षांची ठेवावी लागेल, आणि त्याच्याकडे मोठा डबा नसल्याने अपसेलही दुरुस्तीचा करार, हेल्मेट किंवा जोडीचा ब्लाउज अशा वेगळ्या वस्तूंचा असेल. वस्तू किती दिवसांत संपते किंवा पुन्हा लागते, हा एक आकडा हाती आला, की पहिले शांत दिवस, अपसेलची खिडकी आणि वगळणीची मुदत हे तिन्ही त्यावरून काढता येतात.